‘ती जाऊन दहा वर्षं झाली’: एका वाक्याच्या रूपांतराचं प्रकरण

वाक्य सात शब्दांचं आहे: ‘इट इज टेन इयर्स सिन्स शी लेफ्ट.’ सूचना अशी, की प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, आणि ‘फॉर’ वापरून हेच पुन्हा लिहा, अर्थ बदलू देऊ नका. गुण एकच. पण वाक्य रूपांतरात या एका गुणावर जितकी उत्तरं चुकतात, तितकी चार ओळींच्या प्रश्नावरही चुकत नसतील. कारण ‘सिन्स’ काढून ‘फॉर’ ठेवणं एवढंच इथलं काम नाही. क्रियापदच बदलावं लागतं, आणि हे सूचनेत कुठेही लिहिलेलं नसतं.

या वाक्याला नेहमी येणारी उत्तरं पाच प्रकारची असतात.

१. शी हॅज लेफ्ट फॉर टेन इयर्स.
२. शी हॅज लेफ्ट सिन्स टेन इयर्स.
३. शी हॅज लेफ्ट टेन इयर्स अगो.
४. शी हॅज नॉट लेफ्ट फॉर टेन इयर्स.
५. शी हॅज बीन अवे फॉर टेन इयर्स.

यातलं फक्त पाचवं बरोबर आहे. दुसरं आणि तिसरं चटकन समजावता येतं. पहिल्यावर बराच वेळ जातो, कारण ते दिसायला अगदी बरोबर दिसतं. चौथं तर व्याकरणाने निर्दोष आहे, फक्त त्याचा अर्थ मूळ वाक्याच्या बरोबर उलटा आहे.

दुसरं आणि तिसरं आधी बाजूला काढू

‘सिन्स टेन इयर्स’ ही चूक थेट ‘पासून’मधून येते. मराठीत आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो, एकच शब्दयोगी अव्यय दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत ही दोन कामं वाटून दिलेली आहेत. ‘कधीपासून?’ या प्रश्नाचं उत्तर ‘सिन्स’ने सुरू होतं: सिन्स मंडे, सिन्स 2015, सिन्स शी लेफ्ट. ‘किती काळ?’ याचं उत्तर ‘फॉर’ने: फॉर टेन इयर्स, फॉर अ वीक. मूळ वाक्य नीट पाहिलं तर ‘सिन्स’च्या पुढे ‘टेन इयर्स’ नाहीच. पुढे आहे ‘शी लेफ्ट’, म्हणजे एक घटना, एक क्षण. दहा वर्षं ‘सिन्स’च्या अलीकडे उभी आहेत. उत्तर लिहिताना घाईत ती दोन एकमेकांना चिकटतात.

तिसऱ्या उत्तरात ‘अगो’ आहे. ‘अगो’ आलं की गोष्ट भूतकाळात ठाम रोवली जाते, आणि प्रेझेंट परफेक्ट अशा रोवलेल्या वेळेबरोबर नांदत नाही. ‘शी लेफ्ट टेन इयर्स अगो’ हे उत्तम इंग्रजी आहे, मूळ वाक्याच्या अर्थाला सगळ्यात जवळचंही तेच आहे. पण त्यात साधा भूतकाळ आहे आणि ‘फॉर’ नाही, म्हणून या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते चालत नाही. आणि ‘हॅज लेफ्ट’ला ‘अगो’ जोडलं की ते इंग्रजीही राहत नाही.

पहिल्या उत्तरात नेमकं काय बिघडलं

‘शी हॅज लेफ्ट’ बरोबर. ‘फॉर टेन इयर्स’ बरोबर. मग दोन्ही मिळून चूक का?

प्रेझेंट परफेक्टच्या होकारार्थी वाक्यात ‘फॉर टेन इयर्स’ आलं, की त्याचा अर्थ होतो: तेव्हापासून आत्तापर्यंतच्या दहा वर्षांत ही गोष्ट सतत खरी होती. पहिल्या वर्षी खरी, चौथ्या वर्षी खरी, आज सकाळीही खरी. ‘शी हॅज लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स’ घ्या: राहणं ही रेघ आहे, ती दहा वर्षांवर अंथरता येते. पण निघणं हा ठिपका आहे. दार उघडलं, ती बाहेर पडली, संपलं. चौथ्या वर्षी ती निघत नव्हती, आज सकाळीही निघत नव्हती. ठिपका दहा वर्षांवर ताणता येत नाही.

हे मराठी कानालाही कळतं, फक्त त्याला विचारायला हवं. ‘ती गेली दहा वर्षं निघाली आहे’ म्हणून पाहा. कान लगेच नाक मुरडतो. ‘ती गेली दहा वर्षं बाहेर आहे’ म्हणा, सुरळीत जातं. म्हणजे अडचण इंग्रजीची खोड नाही. ठिपक्याला लांबी लावली की मराठीही अडते. लिहिताना आपण मराठी वाक्य नव्याने घडवत नाही, इंग्रजी शब्दांचीच जागा बदलतो, म्हणून ते लक्षात येत नाही.

गंमत अशी, की मूळ ‘सिन्स’चं वाक्य मराठीला परकं नाहीच. ‘ती जाऊन दहा वर्षं झाली’ ही त्याचीच घडण आहे: आधी घटना, मग तिच्यापासून आत्तापर्यंतची मोजणी. ‘जाऊन’ हा ठिपका आणि ‘दहा वर्षं झाली’ हे अंतर. त्यामुळे मूळ वाक्य मराठी माणसाला पटकन समजतं. रूपांतरात मात्र घटना मोजणं सोडून स्थिती सांगायची असते, आणि तिथेच गाडी अडते.

‘शी हॅज लेफ्ट फॉर टेन इयर्स’ला एक दुसरा अर्थ कसाबसा निघू शकतो, तो ओळखून ठेवावा. ‘शी हॅज गॉन अवे फॉर टू वीक्स’ हे अगदी रोजचं इंग्रजी आहे. पण तिथले दोन आठवडे सरलेले नाहीत, ते ठरवलेले आहेत: ती दोन आठवड्यांसाठी गेली आहे, कदाचित आज सकाळीच निघाली असेल. ‘साठी’ आणि ‘पासून’ हा तो फरक. ‘शी हॅज बीन अवे फॉर टू वीक्स’ म्हटलं की दोन आठवडे सरलेले आहेत, ती अजून बाहेरच आहे. पहिलं उत्तर वाचून इंग्रजी भाषकाला काही अर्थ लागलाच, तर तो ‘दहा वर्षांसाठी निघून गेली’ असा लागेल. म्हणजे सरलेली दहा वर्षं एकदम पुढची दहा वर्षं होतात.

चौथं उत्तर: नियम पाठ, अर्थ उलटा

‘सिन्सचं वाक्य बदलताना नकारार्थी करा’ असा एक नियम शिकवला जातो. तो खोटा नाही. ‘इट इज टेन इयर्स सिन्स आय सॉ हर’, म्हणजे तिला पाहून दहा वर्षं झाली. रूपांतर: ‘आय हॅव नॉट सीन हर फॉर टेन इयर्स.’ इथे नकार चपखल बसतो, कारण पाहणं ठिपका असलं तरी न पाहणं ही रेघ आहे. दहा वर्षांतल्या कुठल्याही दिवशी ‘आज तिला पाहिलं नाही’ हे खरं होतं.

तोच नियम ‘लेफ्ट’ला लावला की ‘शी हॅज नॉट लेफ्ट फॉर टेन इयर्स’ तयार होतं. व्याकरण बिनचूक, अर्थ मात्र असा: दहा वर्षांत ती इथून हललेलीच नाही. जी दहा वर्षांपूर्वी निघून गेली, तिला आपण दहा वर्षं घरात बसवून ठेवलं. तपासताना हे उत्तर पहिल्यापेक्षा जास्त काळजीचं मानावं, कारण लिहिणाऱ्याने अर्थाकडे पाहिलेलंच नाही.

नकार केव्हा चालतो आणि केव्हा नाही, हे ठरवायला एक मराठी शब्द पुरतो: ‘शेवटचं’. मूळ वाक्याच्या मराठीत तो घालून पाहा. ‘तिला शेवटचं पाहून दहा वर्षं झाली’ हे छान बसतं. पाहणं पुन्हा पुन्हा होणारी गोष्ट आहे, इथे तिची शेवटची खेप मोजली आहे. अशा वेळी तेच क्रियापद नकारार्थी करा. ‘ती शेवटचं घर सोडून दहा वर्षं झाली’ बसत नाही, कारण घर सोडणं एकदाच घडलं आणि त्यानं परिस्थिती बदलली. इथे नकार नको. घटनेनंतर जी परिस्थिती उरली, तिचं नाव शोधायचं.

उत्तर बांधताना

आता ‘शी लेफ्ट’कडे पुन्हा येऊ आणि पाचव्या उत्तरापर्यंत हळूहळू जाऊ.

‘सिन्स’नंतरचं क्रियापद पकडलं: लेफ्ट. ठिपका आहे. ‘शेवटचं’ बसत नाही. मग मराठीत एक रिकामी जागा तयार करायची: ‘गेली दहा वर्षं ती ____ आहे.’ या जागेत ‘गेली’, ‘निघाली’ भरायचं नाही. जे आजही डोळ्यांपुढे खरं आहे ते भरायचं. बाहेर आहे. दूर आहे. इथे नाही. यातल्या ‘बाहेर’, ‘दूर’ला इंग्रजीत ‘अवे’ आहे. मग जोडणी: ‘शी’ला ‘हॅज बीन’, पुढे ‘अवे’, पुढे ‘फॉर टेन इयर्स’. सुरुवातीचं ‘इट इज’ आणि मधलं ‘सिन्स’ दोन्ही गळतात. ज्याची गोष्ट आहे तो कर्ता पुढे येतो.

इथे घसरण्याच्या दोन जागा आहेत. ‘हॅज बीन’ लक्षात राहतं आणि क्रियापद जुनंच राहतं: ‘शी हॅज बीन लेफ्ट फॉर टेन इयर्स.’ हा कर्मणी प्रयोग झाला. अर्थ, तिला कुणीतरी सोडून दिलं आहे. दुसरी जागा: ‘शी हॅज बीन लीव्हिंग फॉर टेन इयर्स’, म्हणजे ती दहा वर्षं निघतेच आहे. एखाद्या पाहुण्याबद्दल तक्रार म्हणून हे शोभेल, उत्तर म्हणून नाही.

‘अवे’ऐवजी ‘गॉन’ चालतं का? ‘शी हॅज बीन गॉन फॉर टेन इयर्स’ चालतं. इथे ‘गॉन’ हे ‘आता इथे नसलेली’ अशा अर्थाचं विशेषण आहे, म्हणून त्याच्या आधी ‘बीन’ हवंच. ‘बीन’ गळलं आणि ‘शी हॅज गॉन फॉर टेन इयर्स’ झालं की पुन्हा ‘दहा वर्षांसाठी’ची गल्ली. दोघांच्या छटा वेगळ्या आहेत. ‘अवे’मध्ये ती कुठेतरी आहे आणि येऊ शकते. ‘गॉन’मध्ये तिची उणीव जास्त जाणवते, आणि संदर्भ तसा असेल तर ते माणूस जगात नाही असंही सुचवू शकतं. आपल्या ‘जाऊन’चंही तेच आहे: ‘आजी जाऊन पाच वर्षं झाली’ याचा अर्थ कुणी विचारत नाही. मूळ ‘लेफ्ट’मध्ये ही छटा सहसा नसते, म्हणून परीक्षेत ‘अवे’ जास्त सुरक्षित.

ती नेमकी काय सोडून गेली हे माहीत असेल, तर ‘अवे’पेक्षा नेमकं उत्तर देता येतं. नोकरी सोडली असेल तर ‘शी हॅज नॉट वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’. राहतं घर सोडलं असेल तर ‘शी हॅज नॉट लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स’. इथेही नकार आला. पण तो ‘लीव्ह’चा नाही, सोडण्याआधी जी रेघ चालू होती तिचा आहे. ‘शी हॅज नॉट बीन हिअर फॉर टेन इयर्स’ लिहिताना मात्र सांभाळा. त्यात ती मध्ये भेटीलाही आलेली नाही असं सुचतं, आणि मूळ वाक्य तसं काही सांगत नाही.

तीच युक्ती इतर वाक्यांवर

रिकामी जागा भरायची पद्धत बहुतेक ठिकाणी चालते. ‘इट इज टू अवर्स सिन्स द शॉप क्लोज्ड’: गेले दोन तास दुकान बंद आहे, म्हणून ‘द शॉप हॅज बीन क्लोज्ड फॉर टू अवर्स’. ‘द शॉप हॅज क्लोज्ड फॉर टू अवर्स’ लिहिलं तर दुकान दोन तासांसाठी बंद केलं, म्हणजे ‘हॅज लेफ्ट’चीच गोष्ट पुन्हा. पाहुणे आले, तर ते इथे आहेत: ‘हॅव बीन हिअर’. झोपला, तर झोपेत आहे: ‘हॅज बीन अस्लीप’. आजारी पडली, तर आजारी आहे: ‘हॅज बीन इल’.

वस्तू विकत घेतली असेल तर उरलेली स्थिती म्हणजे ती आपल्याकडे असणं. ‘इट इज सिक्स मंथ्स सिन्स आय बॉट धिस फोन’चं रूपांतर ‘आय हॅव हॅड धिस फोन फॉर सिक्स मंथ्स’. ‘हॅव हॅड’ पाहून बरेच जण दचकतात आणि एक खोडून टाकतात. खोडू नका. पहिलं ‘हॅव’ काळाचं, दुसरं ‘असण्या’चं.

भेटण्याच्या क्रियापदात दोन वाटा फुटतात, आणि ‘फर्स्ट’ की ‘लास्ट’ यावर सगळं अवलंबून असतं. ‘इट इज थ्री इयर्स सिन्स आय फर्स्ट मेट हिम’: पहिल्यांदा भेटलो, तेव्हापासून ओळख आहे. म्हणून ‘आय हॅव नोन हिम फॉर थ्री इयर्स’. ‘हॅव बीन नोइंग’ नाही. ओळखणं ही स्थिती आहे, तिला चालू रूप लागत नाही. ‘इट इज थ्री इयर्स सिन्स आय लास्ट मेट हिम’: शेवटचं भेटलो, तेव्हापासून गाठ नाही. म्हणून ‘आय हॅव नॉट मेट हिम फॉर थ्री इयर्स’. दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक, पण एक उत्तर होकारार्थी आणि दुसरं नकारार्थी. दोन्ही शब्द नसतील, तर संदर्भ पाहावा लागतो.

मृत्यूच्या वाक्यात मराठीची रिकामी जागा कामाला येत नाही. ‘गेली पाच वर्षं ते ____ आहेत’ यात आपण कुठलाही शब्द भरत नाही; ‘जाऊन पाच वर्षं झाली’ एवढंच म्हणतो. इंग्रजीत ‘ही हॅज बीन डेड फॉर फाइव्ह इयर्स’ हे व्याकरणाला धरून असलेलं, अपेक्षित उत्तर आहे. मराठी मनाला ते कठोर वाटतं, म्हणून ‘ही हॅज डाइड फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिलं जातं. पण मरणंही ठिपकाच आहे.

जिथे क्रियापद आधीच रेघ असतं

आतापर्यंत ‘सिन्स’नंतर ठिपका होता. रेघ आली तर? ‘इट इज टेन इयर्स सिन्स ही लिव्हड हिअर.’ घाईत उत्तर येतं, ‘ही हॅज लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स’. राहणं रेघ आहे, दहा वर्षांवर अंथरता येतं, मग अडचण कुठे?

अडचण अर्थात आहे. मूळ वाक्य मोजतं ते त्याचं राहणं संपलं तिथपासून. तो इथे राहत होता, आता नाही, आणि त्यालाही दहा वर्षं झाली. म्हणून बरोबर उत्तर ‘ही हॅज नॉट लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स’. ‘इट इज टू इयर्स सिन्स ही स्मोक्ड’चंही तसंच: दोन वर्षं त्याने सिगारेट ओढलेली नाही, ‘ही हॅज नॉट स्मोक्ड फॉर टू इयर्स’. तो दोन वर्षं ओढतोय असं म्हणायचं असेल, तर मूळ वाक्यात ‘स्टार्टेड स्मोकिंग’ हवं. मग उत्तर ‘ही हॅज बीन स्मोकिंग फॉर टू इयर्स’. ‘केम टू लिव्ह हिअर’ असेल तर ‘ही हॅज लिव्हड हिअर’ बरोबर. सुरुवातीचा शब्द आहे का, हे दर वेळी डोळे उघडे ठेवून पाहावं. ‘स्टार्टेड’, ‘बिगॅन’, ‘केम टू’ असलं की होकार. नुसती रेघ असली की नकार.

रूपांतर खरंच समान अर्थाचं असतं का?

बहुतेक वेळा असतं. पण एका जागी फट आहे, आणि ती माहीत असलेली बरी.

‘इट इज टेन इयर्स सिन्स दे गॉट मॅरीड’ म्हणजे त्यांच्या लग्नाला दहा वर्षं झाली. रूपांतर, ‘दे हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स’. आता समजा त्या जोडप्याने सहा वर्षांनी घटस्फोट घेतला. पहिलं वाक्य तरीही खरं राहतं. लग्न दहा वर्षांपूर्वी झालं होतं, ही मोजणी कुणी पुसू शकत नाही. दुसरं मात्र खोटं पडतं, कारण ते दहाही वर्षं आणि आजही विवाहित आहेत असा त्याचा दावा आहे. ‘सिन्स’चं वाक्य फक्त ठिपक्यापासूनचं अंतर सांगतं. ‘फॉर’चं वाक्य त्यात भर घालतं, की ठिपक्याने सुरू झालेली स्थिती मध्ये तुटली नाही. तीच गोष्ट आपल्या ‘ती’ची. ती सात वर्षांनी परत आली असेल, तर ‘दहा वर्षांपूर्वी निघाली’ खरं, ‘दहा वर्षं बाहेर आहे’ खोटं. प्रश्नपत्रिकेत वेगळं काही सांगितलेलं नसतं, म्हणून स्थिती टिकली असं धरून चालतात. उताऱ्यातल्या वाक्याचं रूपांतर करायचं असेल, तर पुढच्या ओळी वाचून मगच लिहावं.

काही घटनांमागे नाव देण्यासारखी स्थिती उरतच नाही. ‘इट इज टेन इयर्स सिन्स ही वन द रेस’ घ्या. जिंकल्यावर तो ‘जिंकलेला’ राहतो खरा, पण इंग्रजीत त्यासाठी रोजच्या वापरातली स्थिती नाही. ‘ही हॅज नॉट वन द रेस फॉर टेन इयर्स’ लिहिलं तर तो शर्यतीत उतरत राहिला आणि हरत गेला, असा वास येतो. इथे ‘फॉर’चा आग्रह सोडून ‘ही वन द रेस टेन इयर्स अगो’ म्हणणं शहाणपणाचं. प्रश्न काढणाऱ्यांनी अशी वाक्यं या प्रकारात देऊच नयेत.

गोष्ट भूतकाळात सांगितली जात असेल तर सगळंच एक पाऊल मागे सरकतं: ‘इट वॉज टेन इयर्स सिन्स शी हॅड लेफ्ट’चं ‘शी हॅड बीन अवे फॉर टेन इयर्स’ होतं. क्रियापद निवडायची रीत तीच.

गुण देताना अडणारी उत्तरं

‘इट हॅज बीन टेन इयर्स सिन्स शी लेफ्ट’ हे उत्तर वाचून तपासणारा थबकतो. इंग्रजी शुद्ध आहे. ‘इट इज’इतकंच ‘इट हॅज बीन’ही चालतं. त्यात प्रेझेंट परफेक्टही आहे. पण ‘फॉर’ नाही आणि ‘सिन्स’ तसाच आहे. म्हणजे रूपांतर झालेलंच नाही. गुण नाही.

‘शी हॅज बीन अवे टेन इयर्स’मध्ये ‘फॉर’ गाळलं आहे. होकारार्थी वाक्यात बोलताना असं गाळलेलं चालतं, इंग्रजी चूक नाही. सूचनेत ‘फॉर’ मागितलं आहे म्हणून गुण कापावा लागतो, पण शेरा ‘चूक’ असा न लिहिता ‘सूचना पाहा’ असा लिहावा. नकारार्थी वाक्यात ही सूट नाही: ‘आय हॅव नॉट सीन हर टेन इयर्स’ हे सरळ चूकच. तिथे ‘फॉर’ हवं, किंवा अमेरिकी वळणाचं ‘इन टेन इयर्स’. पण सूचनेनुसार इथे ‘फॉर’च.

‘आय हॅव नॉट सीन हर फॉर टेन इयर्स’ हे उत्तर आपल्या मूळ वाक्याला आलं, तर नेटकं दिसतं आणि मोह पडतो. पण मूळ वाक्यात ‘मी’ कुठेच नाही. ती निघून गेल्यावरही लिहिणारा तिला दर वर्षी भेटत असू शकतो. इथे गुण देऊ नये. ‘शी हॅज बीन गॉन फॉर टेन इयर्स’ला आणि ‘शी हॅज नॉट लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स’ला मात्र पूर्ण गुण द्यावा; दुसऱ्याला घर सोडल्याचा संदर्भ दिलेला असेल तरच.